हातोड्याचा अंगरखा

सोमवारी सकाळी दादानं हत्यारांची पेटी उघडली आणि तो गप्प झाला.

आमचा दादा गप्प झाला की समजायचं, एक तर काही मोडलंय, नाहीतर कुणाचं तरी आता काही खरं नाही. मी पलीकडे एका कपाटाच्या दाराला पॉलिशचा हात मारत होतो. बोळा हातात तसाच धरून मी बघायला गेलो. खोटं कशाला बोलू, मीही आ वासला.

पेटीतली हत्यारं कपडे घालून बसली होती.

हातोड्याच्या डोक्याला मरून रेक्झिनची टोपी, दांड्याला त्याच कापडाची विजार आणि पुढून तीन पितळी बटणं. करवतीला लांब खोळ, कडेनं दोरीचा गोट. मोठा रंधा तर सोफ्यासारखा फुगलेला, पाठीवर चार खळगे आणि चारही खळग्यांत एकेक बटण. पटाश्या सहा, सहाही वेगळ्या मापाच्या. सहांना सहा खोळी, कुठं चुणी नाही की कुठं ढिलेपणा नाही. दादा कानावर ठेवतो ना पेन्सिल? तिला पण बोटाएवढी खोळ होती, वर नखाएवढी चेन.

दादानं हातोडा उचलला. उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला.

"टाका कुठाय रे?" तो मला हळूच म्हणाला.

"आत घेतलाय वाटतं."

"आत घेतलाय ते मला दिसतंय. पण शेवटचा टाका तरी बाहेरून मारावा लागतो की नाही? तो कुठाय?"

दोघांनी शोधला. नाही सापडला. माणूस देवळात उभा राहावा तसा दादा त्या पेटीपुढं उभा होता. त्यानं एक पटाशी काढली, खोळीच्या टोकाला अंगठा दाबला. "आतून चामडं लावलंय. धार बोथट होऊ नये आणि कुणाचं बोट कापू नये म्हणून." दुसरी काढली. तिच्यातही चामडं. "अंदाजानं होत नाही हे. मापं घेतलीत हिनं. एकेकाचं माप घेतलंय."

हिनं म्हणजे सूनबाईनं, दुसरं कोण! दादाच्या पोराची बायको. या घरात येऊन आठ महिने झालेली. कोपऱ्यावरच्या दुकानात सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या सीटा शिवते. तिच्या बापाचा धंदा तो. बाप गेला आणि हिनं मशीन बंद पडू दिलं नाही.

आणि आदल्या रविवारी जेवताना आम्ही तिची टर उडवली होती. उडवली म्हणजे सगळ्यांनीच. रिमोटला खोळ, मिक्सरला खोळ, पाण्याच्या बाटलीला खोळ. पोरगा म्हणाला, "काल मी जरा जास्त वेळ एका जागी बसलो तर माझं माप घेत होती." मी म्हटलं, "पोरी, मला शिवशील तेव्हा पोटाकडे जरा सैल ठेव." आणि दादानं शेवटचा घाव घातला, "हिच्या हातात घर दिलं तर या घरात उघडं काही राहायचं नाही." ती हसली. पाणी वाढून आत गेली. आम्हाला वाटलं, संपलं.

पेटीच्या झाकणाला आतून चिठ्ठी चिकटवली होती. दादाला चष्मा लागतो म्हणून मी वाचली. 'बाबा, उघडं काही ठेवलेलं नाही. नाडी ओढली की खोळ निघते. आजच्या दरवाज्याच्या कामाला लागणारी हत्यारं खिडकीत आहेत, त्यांना हात लावलेला नाही.'

खिडकीत बघितलं. स्वच्छ फडक्यावर गुण्या, छोटा रंधा, दोन पटाश्या, गिरमिट, सगळं ओळीनं मांडलेलं. त्या दिवशी दादाला जे लागणार होतं नेमकं तेवढंच. एक जास्त नाही, एक कमी नाही.

इथं एक सांगायला हवं. आमच्याकडे तोंडानं टर उडायची, पण हातानं केलेली थट्टा नऊ वर्षं बंद होती.

ताई घरचा धंदा सोडून गेली तेव्हापासून. दादानंतरची ती, मग मी. खराद, म्हणजे लाकूड कातायचं यंत्र, ताईच्या हाताखाली असायचा. तिनं टेबलाचे पाय कातले की चारही पाय एका आईची लेकरं दिसायची. दादात आणि तिच्यात लहानपणापासून जुंपलेली असायची. तिनं त्याच्या बुटात भुसा भरावा, त्यानं तिचा डबा खिळ्यांनी भरावा. घर हसायचं. मग एके दिवशी एक मोठं गिऱ्हाईक आलं असताना दादानं तिच्या चार पायांतला एक पाय बदलून ठेवला. ओबडधोबड, शिकाऊ माणसाच्या हातचा. गंमत म्हणून. गिऱ्हाईकानं तो पाय उचलला, ताईकडे बघितलं, हसलं आणि म्हणालं, "हे काम असं असेल तर बघू मग कधीतरी." दादानं मागाहून लाख सांगितलं. काम गेलं ते गेलंच. ताईनं त्याच संध्याकाळी खरादावर कापड टाकलं आणि एका शाळेच्या कार्यशाळेत नोकरी धरली. आमच्या लग्नकार्यात येते, आजारपणात धावते. पण रविवारच्या जेवणाला नऊ वर्षांत बसलेली नव्हती. आणि दादाची कुणी थट्टा केली की तो उठून जायचा.

सूनबाईला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

पोरगा दारात आला तो घाबराघुबरा. "बाबा, तिला माहीत नव्हतं. मी सांगायला हवं होतं. मी तिला..."

दादानं हात वर केला. मरून टोपीचा हातोडा त्याच हातात. आम्ही दोघं वाट बघतोय आता काय म्हणतो. आणि त्याच्या पोटातून आवाज आला. आधी मला वाटलं उचकी. मग खांदे हलायला लागले. मग तो पार बाकड्यावर बसला आणि डोळे पुसायला लागला.

कार्यशाळेच्या वर स्वयंपाकघरात वहिनींच्या हातातला चमचा थांबला. त्यांनीच मला नंतर सांगितलं, "भावजी, मला आधी कळेचना हा आवाज कुणाचा."

आणि वहिनी काही साध्या नव्हत्या बरं का. पेटीची किल्ली सूनबाईला त्यांनीच दिली होती. तीन आठवडे पोरगी चहा घेऊन खाली यायची ती उगाच नाही. दादाचं लक्ष नसताना दोऱ्याला गाठी मारून मापं घ्यायची. वर्तमानपत्रावर आकार कापायची आणि दुकानात रिकाम्या वेळी शिवायची. आधी तिनं नुसती हौस म्हणून धरलं होतं हे काम. रविवारी आम्ही हसलो आणि तिला मुहूर्त सापडला.

दुपारी चहाला दादा म्हणाला, "याला उत्तर द्यावं लागणार."

"द्या," वहिनी म्हणाल्या. "पण मी ताईंना फोन केलाय. सगळं सांगितलं."

दादाच्या हातातला कप तिथंच थांबला. "काय म्हणाली?"

"म्हणाल्या, रविवारी येते. बघते. तोच जुना दादा असेल तर ताटावरून उठेन आणि मग पुन्हा बोलावू नका."

तो आठवडा दादा जसा वागला तसा मी त्याला कधी बघितला नव्हता. दुसऱ्याचा पलंग करताना जेवढा विचार करत नाही तेवढा विचार चालला होता. सागाचा एक तुकडा त्यानं वर्षानुवर्षं जपून ठेवलेला, तो काढला. रंधा मारता मारता माझ्याशी बोलायचा. बोलायचा कसला, स्वतःलाच बजावायचा.

"बाहेरचं माणूस समोर नको."

"नको."

"तिच्या कामावर जायचं नाही. शिवणीला नाव ठेवायचं नाही. बापावरून तर मुळीच नाही."

"नाहीच."

"आणि तिनं जेवढं केलं तेवढंच. तिनं मला पाच मिनिटं अडकवलं. मी तिला फार तर दहा मिनिटं अडकवायचं. परत उघडलं की सगळं जसंच्या तसं पाहिजे. खिळा नाही, सरस नाही, ओरखडा नाही."

"दादा, ती हसेल ना?"

तो थांबला. "ती हसेल का हे आधी बघायचं. आपण हसलो ते मागाहून. मागच्या वेळी मी उलटं केलं."

पोरगा दोन्हीकडचा हेर झाला होता. बायकोला सांगायचा, बाबा सागवान तासतायत. बापाला सांगायचा, ती दाराला दोरा बांधून झोपते, कुणी आलं की कळावं म्हणून. दादानं त्याला विचारलं, "रविवारी ती मशीनला हात लावते का?" पोरगा म्हणाला, "छे! रविवारी कात्रीसुद्धा उचलत नाही." झालं. दादानं रविवार धरला. वहिनींनी मात्र पोरीला एका बाजूला घेऊन सांगितलं, "हे बघ. खेळ नको वाटला की पेला पालथा घालायचा. ताई निघून गेल्यावर मी हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय, पण खेळच झाला नाही म्हणून वापरायची वेळ आली नाही. पेला पालथा झाला की सगळं तिथंच थांबतं. का म्हणून कुणी विचारायचं नाही."

रविवारी ताई आली. चपला काढल्या, कार्यशाळेत डोकावली. खराद तिथंच होता, कापडानं झाकलेला. जेवायला बसली ती दाराजवळच्या खुर्चीवर, उठायला सोपं पडावं अशी.

जेवणं झाली. दादानं टेबलावर एक पेटी आणून ठेवली.

काय सांगू तुम्हाला! भाकरीच्या डब्याएवढी पेटी. झाकण नाही, बिजागरी नाही, सांधा नाही. लाकडावरच्या रेघा एका बाजूनं निघायच्या, कोपऱ्यावरून वळायच्या आणि चारही बाजू फिरून परत आपल्या जागी यायच्या. जणू झाडच तसल्या आकाराचं उगवलं होतं. पॉलिश माझं, पण माझ्या पॉलिशचं त्यात काही नव्हतं. ताईनं बोटाचं टोक पेटीवरून फिरवलं आणि हात मागं घेतला. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिला माहीत होतं हे काय दर्जाचं काम आहे ते.

"सूनबाई," दादा म्हणाला, "तू म्हणालीस उघडं काही ठेवलं नाही. म्हटलं आपणही झाकून बघावं."

"आत काय आहे बाबा?"

"हलवून बघ."

तिनं हलवली. आत खुळखुळ झाली. पोरीचे डोळे असे चमकले म्हणून सांगू! पेटी कानाला लावली, वास घेतला, नखानं रेघ चाचपली. "कुठून उघडते ही? बाबा, कुठून उघडते?"

"आम्हाला तुझा टाका सापडला नाही. तू आमचा सांधा शोध."

सगळे हसले. तीही हसली. पोरगा म्हणाला, "माप घे तिचं, खोळ शिव." मी म्हटलं, "फुंकर मारून बघ." दोन मिनिटांत तिला पहिली पट्टी सापडली. कडेची एक बारीक पट्टी बोटभर डावीकडे सरकली. ती सरकल्याशिवाय खालची हलत नव्हती, खालची हलल्याशिवाय मागची नाही. अशा आठ पट्ट्या. एक चुकली की पुढची अडली. तिनं तीन सरकवल्या. आम्ही "वा" म्हटलं.

मग ती म्हणाली, "आत नक्की काय आहे पण?"

"तुझं शिवणाचं सामान," पोरगा म्हणाला. "दुकानातून मीच आणून दिलं. कात्री, टाचण्या, सगळं."

तिचं हसू होतं तिथंच राहिलं, पण आतून विझलं. मला हे दिसलं नाही. कुणालाच दिसलं नाही. एकट्या ताईला दिसलं.

झालं होतं असं. शनिवारी उशिरा दवाखान्याचं माणूस तिच्या दुकानात आलं होतं. बाहेरच्या खोलीतल्या बाकांच्या गाद्या फाटलेल्या, म्हातारी माणसं लाकडावर बसतात, सोमवारी सकाळी पाहिजेत. तिनं हो म्हटलं होतं. रविवारी दुपारी बसून करू म्हणून. घरात सांगितलं नव्हतं, कारण ताई येणार म्हणून घरात सगळ्यांचा जीव टांगणीला. आणि त्या पेटीतली कात्री तिच्या बापाची. दुसरी कुठली कात्री तिच्या हाताला चालत नाही.

ती चौथी पट्टी शोधत राहिली. बोटं ओली झाली, पट्टी सटकायला लागली. ती मला नंतर म्हणाली, "काका, मला वाटलं, बोलले तर सगळे म्हणतील, स्वतः केलं तेव्हा चालतं आणि आपल्यावर आलं की रडते. आठ महिन्यांत पहिल्यांदा मला या घरातली वाटत होतं. आणि आत्या आल्या होत्या."

इकडे आम्ही गाढवं आणखी चढलो. "अगं, हळू, टाका उसवेल," मी म्हटलं. पोरगा म्हणाला, "दहा मिनिटं होत आली." दादा हसत होता, पण पोरीच्या बोटांकडे बघत होता.

सूनबाईनं पेटी टेबलावर ठेवली. पेला उचलला. उरलेलं पाणी पिऊन टाकलं. आणि पालथा घातला.

आवाज केवढासा झाला. पण माझ्या मानेवर काटा आला. तो पेला टेबलावर आणि सगळे दादाकडे. ताईचा हात खुर्चीच्या पाठीवर गेला होता.

मी दादाला ओळखतो. लहानपणापासून त्याची सवय, हरायला आला की आणखी एक वाक्य टाकायचा. 'एवढ्यात थकलीस?' असलं काहीतरी. त्याच्या ओठांवर ते आलेलं मी बघितलं. शपथेवर सांगतो, बघितलं. आणि त्यानं ते गिळलं. चेहऱ्यावरचं हसूसुद्धा पुसलं. का, काय, कशाला, काही नाही. पेटी ओढून घेतली आणि भराभरा उघडायला लागला. चौथी, पाचवी, सहावी. वर्षभर सराव केल्यासारखी बोटं चालत होती. सातवी खाली, आठवी आडवी आणि वरची फळी लोण्यासारखी सरकली. आत हिरवं कापड अंथरलेलं, त्यावर तिचं सामान. कात्रीला ओरखडासुद्धा नाही. त्यानं दोन्ही हातांनी ती उचलून तिच्यापुढं धरली.

"घे पोरी."

मग तिनंच सांगितलं. गाद्या, दवाखाना, सोमवार. पोरगा कपाळावर हात मारून म्हणाला, "मला वाटलं रविवार म्हणजे..."

"तू विचारलं नाहीस, आम्हीही विचारलं नाही," दादा म्हणाला. "चुकलं. कामात पाय घातला मी परत." परत हा शब्द म्हणताना त्यानं ताईकडे बघितलं नाही, पण तो तिच्यासाठीच होता. "किती गाद्या?"

"अकरा."

"चला उठा. सगळे उठा."

तिचं मशीन, फोम, गाद्यांच्या फळ्या दुकानातून खाली कार्यशाळेत आणल्या आणि दुपारभर आम्ही सगळे तिथंच होतो. सूनबाईनं आखायचं आणि कापायचं, पोरानं फोम कापायचा, मी फळ्यांच्या कडा घासायच्या, वहिनींनी बटणं ओवायची. सूनबाई मशीनवर बसली तेव्हा मी खरंच हातातलं काम विसरलो. कापड तिच्या हाताखालून पाण्यासारखं जात होतं. ना खूण, ना थांबणं. कोपरा आला की सुई खाली, कापड गर्रकन फिरलं, परत सुरू. दादासुद्धा फळीला कापड ताणून धरायचं सोडून बघत बसला.

"लक्ष दे," समोरून आवाज आला. "माझ्या बाजूनं तिरकं जातंय."

ताई. बाही वर करून कापडाचं दुसरं टोक धरून उभी होती. कधी उठून आली कुणाला कळलं नव्हतं.

दादानं ओढ दिली. तिनं ओढ दिली. कापड सरळ झालं. तो खिळेबंदूक मारत गेला, ती पुढं पुढं सरकत गेली. तीन गाद्या झाल्या.

"तो पाय मी बदलला," दादा चौथ्या गादीला म्हणाला. "गिऱ्हाईकासमोर मी लगेच सांगायला हवं होतं. मी दोन मिनिटं थांबलो. तू कशी चिडतेस ते बघायला थांबलो."

"माहीत आहे."

"तेवढ्यात गेलं सगळं."

"माहीत आहे रे." तिनं कापडाची कड बोटानं दाबून बसवली. "आज तू नाही थांबलास."

बस. एवढंच. वहिनींच्या हातातल्या सुईत दोरा जाईना, त्यांनी ती माझ्याकडे दिली.

अकरा गाद्या दिवेलागणीला भिंतीशी लागल्या. ताईनं हात धुतले, चपला घातल्या. दादा तिला दारापर्यंत पोचवायला गेला, मी मागोमाग.

"एक राहिलंच," ती पायरीवरून म्हणाली. "तू पाय बदललास त्याचं माझं उत्तर बाकी आहे. नऊ वर्षं विचार करतेय मी. पुढच्या रविवारी येताना घेऊन येईन."

"काय घेऊन येशील?"

"सांगून करतात का?" म्हणाली आणि निघाली. वळली तेव्हा ती हसत होती. मी बघितलं. दादानंही बघितलं.

ती गल्लीच्या टोकाला जाऊन दिसेनाशी झाली तरी तो दारातच. मी म्हटलं, चल आत. तर माझा दंड धरला त्यानं. साठ वर्षांचा माणूस!

"काय करेल रे?"

"मला काय ठाऊक!"

"मोठं करेल का?"

"दादा, नऊ वर्षांचं साचलंय. सोडते होय तुला!"

तो गल्लीकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळला आणि लहान पोरानं विचारावं तसं विचारलं, "पण नक्की करेल ना रे?"